जर्नलने अभ्यासाचा आराखडाच चुकीचा वाचला, तर अपील कसं लिहावं?

वाचकाचं पत्र

मी नागपुरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम विभागात सहायक प्राध्यापक आहे. जिल्ह्यातल्या १२ प्राथमिक आरोग्य केंद्रांत आम्ही गर्भवतींच्या रक्तक्षयावर स्टेप्ड-वेज पद्धतीचा अभ्यास केला. जानेवारी २०२३ पासून तीन-तीन महिन्यांचे पाच कालखंड होते. पहिल्या कालखंडात उपक्रम कुठेच नव्हता. त्यानंतर दर कालखंडाला चिठ्ठीने ठरलेल्या तीन केंद्रांत तो सुरू झाला. आशाताई आठवड्यातून एकदा घरी जाऊन लोहाच्या गोळ्या मोजायच्या आणि त्या दिवसाची गोळी समोर घ्यायला लावायच्या. प्रत्येक केंद्रातून दर कालखंडात २५ वेगळ्या गर्भवतींचं हिमोग्लोबिन मोजलं, एकूण १५००.

पहिल्या समीक्षकाने किरकोळ सुधारणा सुचवल्या. दुसऱ्याने लिहिलं: एक, हा तुलनागट नसलेला आधी-नंतरचा अभ्यास आहे, फरक ऋतूमुळेही असू शकतो. दोन, किती महिला पाठपुराव्यातून गळाल्या ते दिलेलं नाही. तीन, मोजणीआधी महिलेला उपक्रम किती आठवडे मिळाला ते कळत नाही. संपादकांनी ‘तुलनागट नसल्याने निष्कर्षांना आधार नाही’ असं लिहून पेपर नाकारला. आमचे विभागप्रमुख म्हणतात, वाद घालू नका, दुसरीकडे पाठवा. अपील करावं का? आणि उद्धट न वाटता ते कसं लिहावं?

उत्तर

अपील जरूर करा. तुमच्या बाजूने सगळ्यात भक्कम गोष्ट संपादकांच्या त्या एका वाक्यातच आहे. त्यांनी नकाराचं कारण स्वतःच्या शब्दांत दिलं आहे आणि ते कारण आराखड्याच्या चुकीच्या वाचनावर उभं आहे. ‘विषय आमच्या वाचकांना फारसा लागू नाही’ किंवा ‘आमच्याकडे जागेची मर्यादा आहे’ असं लिहिलं असतं, तर आम्हीही विभागप्रमुखांसारखंच सांगितलं असतं. तो संपादकीय पसंतीचा भाग असतो आणि त्यावर अपील टिकत नाही. वस्तुस्थिती चुकीची समजली गेली आणि तिच्यावरच निर्णय झाला, एवढं कागदावरून दाखवता आलं तर मात्र संपादकाला ते वाचणं भाग पडतं.

पण पत्राला हात घालण्याआधी एक तपासणी करा, कारण समीक्षकाची शंका अगदीच निराधार नाही. तुमचा आराखडा कागदावर मांडून बघा. ० म्हणजे उपक्रम नाही, १ म्हणजे उपक्रम सुरू.

```
केंद्रं     का.१  का.२  का.३  का.४  का.५
गट १ (३)   ०    १    १    १    १
गट २ (३)   ०    ०    १    १    १
गट ३ (३)   ०    ०    ०    १    १
गट ४ (३)   ०    ०    ०    ०    १
```

बारा केंद्रं आणि पाच कालखंड मिळून ६० खाने होतात. त्यातले ३० उपक्रमाविना आणि ३० उपक्रमासह. वरवर पाहता हा सरळ निम्मा-निम्मा मामला वाटतो. पण ० चे खाने डावीकडे, म्हणजे आधीच्या काळात दाटलेले आहेत आणि १ चे उजवीकडे. हिशेब केला तर ० च्या खान्यांचा सरासरी कालखंड २ येतो आणि १ च्या खान्यांचा ४. म्हणजे दोन्ही बाजूंमध्ये सरासरी सहा महिन्यांचं अंतर आहे. या सहा महिन्यांत जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्याही कारणाने हिमोग्लोबिन वाढलं असेल, तर तुमच्या उपक्रमाने काहीच केलं नसलं तरी १ ची बाजू वरचढ दिसेल. म्हणून स्टेप्ड-वेजमध्ये सरळ सरासऱ्यांची तुलना चालत नाही. विश्लेषणात कालखंड घ्यावाच लागतो.

तेव्हा तुमच्या मुख्य निकालामागचं मॉडेल उघडून पाहा. हसी आणि ह्यूज यांनी २००७ मध्ये मांडलेल्या नेहमीच्या पद्धतीने केलं असेल, तर आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये ते साधारण असं दिसेल:

```r
lmer(hb ~ factor(kaal) + upkram + (1 | phc), data = d)
```

यात `factor` हा शब्द आहे ना, ते नीट बघा. तो नसेल आणि कालखंड १, २, ३, ४, ५ असा नुसता आकडा म्हणून गेला असेल, तर मॉडेलने असं गृहीत धरलं की काळाचा परिणाम एका सरळ रेषेत वाढतो किंवा घटतो. नागपूरकडचे एप्रिल ते जून आणि नंतरचा पावसाळा एका सरळ रेषेत बसत नाहीत. उन्हाळ्यात तपासणीला येणाऱ्या महिला कमी होतात, खाणं बदलतं, आणि ऐन शेतीकामाच्या दिवसांत पुन्हा वेगळं चित्र असतं. अशा वेळी समीक्षकाचा ऋतूचा आक्षेप खरा ठरतो. तसं झालं असेल तर अपील करू नका. विश्लेषण दुरुस्त करा आणि पेपर नव्याने दुसरीकडे पाठवा. कालखंडच मॉडेलमध्ये नसेल आणि मुख्य तक्ता पहिल्या कालखंडाची पाचव्याशी तुलना करत असेल, तर तुमचा आराखडा स्टेप्ड-वेज असूनही तुम्ही विश्लेषण आधी-नंतरचं केलं आहे. मग समीक्षकाचं म्हणणं बरोबर आहे.

ही तपासणी पार पडली असं धरून पुढे जाऊ. मग वाचनात चूक का झाली? बहुतेक वेळा कारण शीर्षक आणि सारांशातच सापडतं. ट्रायलचा अहवाल कसा लिहावा हे सांगणाऱ्या कन्सॉर्ट सूचनांचा स्टेप्ड-वेज अभ्यासांसाठीचा विस्तार २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आराखड्याचं नाव शीर्षकातच द्यावं असं सांगितलं आहे. ते नाव फक्त ‘पद्धती’ विभागाच्या मधल्या एखाद्या परिच्छेदात आलं असेल, आणि सारांशातलं निकालाचं पहिलं वाक्य ‘उपक्रमाआधी सरासरी हिमोग्लोबिन इतकं होतं, उपक्रमानंतर इतकं झालं’ असं असेल, तर समीक्षकाच्या मनात आधी-नंतरची चौकट तिथेच बसली. पुढची पानं त्याने त्याच चौकटीतून वाचली. दुसरा आक्षेपही तिथूनच निघतो. आधी-नंतरच्या अभ्यासात बहुधा त्याच महिला दोनदा मोजतात, म्हणून गळती कुठे आहे असं त्याने विचारलं. तुमच्याकडे दर कालखंडात वेगळ्या महिला आहेत आणि प्रत्येकीचं एकदाच मोजमाप आहे, त्यामुळे त्या अर्थाने गळती संभवतच नाही. म्हणजे दोन आक्षेपांचं मूळ एकच आहे. पत्रात ते तसंच, एकत्र मांडा. दोन वेगळ्या तक्रारी केल्या की पत्र भांडखोर वाटतं. मूळ गैरसमज एक आणि त्यातून आलेले दोन आक्षेप, असं मांडलं की संपादकाला पटकन कळतं.

पुरावा मात्र तुमच्या शब्दाबाहेरचा हवा. तो दोन ठिकाणी आहे. पहिलं, जर्नलला पाठवलेलं हस्तलिखित. पान आणि ओळींचे आकडे द्या, पण ते सबमिशन सिस्टीमने बनवलेल्या पीडीएफमधले द्या, तुमच्या वर्ड फाइलमधले नकोत. समीक्षकाने ती पीडीएफ वाचली आहे आणि तिची पानं वर्डपेक्षा वेगळी पडतात. दिलेल्या ओळीवर संपादकाला दुसरंच काही सापडलं तर पत्राचा विश्वास तिथेच संपतो. दुसरं ठिकाण म्हणजे सीटीआरआय या भारतातल्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीतली नोंदणी. भारतात १ एप्रिल २०१८ पासून क्लिनिकल ट्रायलची नोंदणी पहिला सहभागी घेण्याआधीच करावी लागते. त्यामुळे आराखडा आधीच ठरला होता, नकार आल्यावर सुचलेला नाही, हे ती नोंद दाखवते. नोंदणी क्रमांक देण्याआधी ती नोंद स्वतः उघडून अभ्यासप्रकाराच्या रकान्यात काय भरलं आहे ते वाचा. घाईत भलताच पर्याय निवडलेला असतो आणि तो वर्षभर कुणी बघतही नाही. तसं निघालं तर एका वाक्यात तुम्हीच सांगा आणि एथिक्स समितीने मंजूर केलेल्या प्रोटोकॉलचं संबंधित पान जोडा. संपादक नोंद बघणारच आहेत. विसंगती त्यांनी शोधण्याआधी ती तुमच्याकडून कळलेली बरी.

आता एका मोहापासून सावध करायचं आहे. तुमचा पहिला कालखंड जानेवारी ते मार्च २०२३ आणि पाचवा जानेवारी ते मार्च २०२४, म्हणजे ऋतू तोच. ‘दोन्ही टोकांना ऋतू एकच असल्याने ऋतूचा प्रश्न येत नाही’ असं उत्तर द्यावंसं वाटेल. ते देऊ नका. तसं लिहिलं की पहिल्या आणि पाचव्या कालखंडाची तुलना हाच तुमचा अभ्यास आहे, असं तुम्हीच कबूल केल्यासारखं होतं. शिवाय वर्षागणिक होणारा बदल, जसा गोळ्यांचा पुरवठा सुधारणं किंवा सरकारी मोहीम जोरात चालणं, त्यातून सुटत नाही. तुमचं खरं उत्तर तक्त्याच्या मधल्या तीन उभ्या रांगांत आहे. दुसऱ्या कालखंडात ३ केंद्रांत उपक्रम होता आणि त्याच तीन महिन्यांत ९ केंद्रांत नव्हता. तिसऱ्यात ६ आणि ६. चौथ्यात ९ आणि ३. ऊन तेच, पाऊस तोच, औषधांचा पुरवठा त्याच जिल्ह्याचा, आणि कोणतं केंद्र कोणत्या बाजूला हे चिठ्ठीने ठरलेलं. हाच तुमचा तुलनागट. तो वेगळ्या नावाने उभा नाही म्हणून नजरेआड झाला.

मसुदा खाली देतो. तो मराठीत आहे, पाठवताना जर्नलच्या भाषेत लिहा. पान-ओळींचे आकडे नमुन्याचे आहेत, तिथे तुमचे घाला.

> विषय: हस्तलिखित क्रमांक (…) वरील निर्णयाच्या पुनर्विचाराची विनंती
>
> आदरणीय संपादक महोदय,
>
> आमच्या हस्तलिखितासाठी आपण आणि दोन्ही समीक्षकांनी दिलेल्या वेळेबद्दल आम्ही आभारी आहोत. निर्णयपत्रात नकाराचं कारण ‘तुलनागट नसणं’ असं दिलं आहे. हे कारण अभ्यासाच्या आराखड्याबाबतच्या एका गैरसमजातून आलं असावं असं आम्हाला वाटतं. आमच्या सारांशाची मांडणी त्याला काही अंशी कारणीभूत आहे. म्हणून निर्णयाचा पुनर्विचार व्हावा अशी आमची विनंती आहे.
>
> दुसऱ्या समीक्षकांनी हा अभ्यास तुलनागट नसलेला आधी-नंतरचा अभ्यास मानला आहे. प्रत्यक्षात हा स्टेप्ड-वेज क्लस्टर रँडमाइझ्ड अभ्यास आहे (पान ५, ओळी ९८ ते ११२, नोंदणी क्रमांक …). १२ आरोग्य केंद्रांनी कोणत्या क्रमाने उपक्रम सुरू करायचा हे चिठ्ठीने ठरलं. त्यामुळे दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या कालखंडात एकाच तीन महिन्यांत अनुक्रमे ३, ६ आणि ९ केंद्रांत उपक्रम सुरू होता, आणि ९, ६ आणि ३ केंद्रांत नव्हता. सोबतच्या एका पानाच्या आकृतीत हे दाखवलं आहे. ऋतू आणि काळानुसार होणारा इतर बदल वेगळा काढण्यासाठी मुख्य मॉडेलमध्ये प्रत्येक कालखंड स्वतंत्र घटक म्हणून घेतला आहे (पान ८, ओळी १७० ते १७६). तक्ता ३ मधला परिणामाचा आकडा त्या मॉडेलचा आहे.
>
> पाठपुराव्यातल्या गळतीबाबतचा आक्षेपही याच मुद्द्याशी जोडलेला आहे. प्रत्येक कालखंडात वेगळ्या गर्भवतींची निवड झाली आणि प्रत्येकीचं हिमोग्लोबिन एकदाच मोजलं गेलं (पान ६, ओळी १२५ ते १३०). निवड होऊनही मोजणी न झालेल्या महिलांची संख्या केंद्र आणि कालखंडानुसार देण्याची आमची तयारी आहे.
>
> मोजणीआधी महिलेला उपक्रम किती आठवडे मिळाला हे स्पष्ट नाही, ही समीक्षकांची सूचना रास्त आहे. ही माहिती आमच्याकडे आहे. संधी मिळाल्यास ती तक्त्यात देऊ आणि तिच्या मर्यादा चर्चेत मांडू. आराखड्याचं नाव शीर्षकात घेऊ आणि सारांशही त्याप्रमाणे बदलू.
>
> वरील स्पष्टीकरण आपल्याला ग्राह्य वाटल्यास, क्लस्टर अभ्यासांच्या विश्लेषणाची माहिती असलेल्या सांख्यिकी समीक्षकाकडून हस्तलिखिताचं मूल्यमापन व्हावं, अशी नम्र विनंती आहे. आपला निर्णय आम्हाला मान्य असेल.
>
> सर्व लेखकांच्या वतीने,
> (पत्रव्यवहार करणारे लेखक)

पत्र एका पानात बसवा. तीन पानांचं अपील आलं की संपादकाला वाटतं, गैरसमज एवढा लांब समजावावा लागत असेल तर पेपर तितकासा स्पष्ट नसणार. जोडपत्र एकच, आणि तेही एका पानाचं. वर मांडलेला तक्ता, प्रत्येक खान्यात महिलांची संख्या आणि खाली मॉडेलचं एका वाक्यातलं वर्णन, एवढं पुरे. सुधारलेलं हस्तलिखित न मागता जोडू नका. संपादक झालेल्या निर्णयाकडे परत बघत आहेत. हातात नवा पेपर दिला की जुना पेपर निर्णयाच्या वेळी कसा होता, हा प्रश्नच पुसट होतो.

पहिल्या परिच्छेदातल्या ‘काही अंशी कारणीभूत’ या शब्दांना तुमचे सहलेखक विरोध करतील. ते शब्द ठेवा. हा सौजन्याचा उपचार नाही. संपादकाला आपल्या समीक्षकाला कमी न लेखता मत बदलायला ते जागा देतात. ‘समीक्षकांना स्टेप्ड-वेज पद्धतीचं ज्ञान दिसत नाही’ हे वाक्य कितीही खरं असलं तरी ते संपादकाच्या निवडीवर बोट ठेवतं, कारण तो समीक्षक त्यांनीच निवडला. ही पद्धत नवीन किंवा विचित्र नाही, हे सांगायचा मोहही होईल. गाम्बियात १९८६ पासून हिपॅटायटिस-बी लस टप्प्याटप्प्याने देऊन हाच आराखडा वापरला गेला आणि त्याचं नावही तिथूनच रूढ झालं. ही माहिती पेपरच्या प्रस्तावनेत एका वाक्यात शोभेल. अपिलात ती शिकवणीसारखी वाटते.

पहिल्या समीक्षकाला पेपर आवडला होता, हेही लिहू नका. संपादकांनी दोन्ही अहवाल वाचले आहेत. एका समीक्षकाची साक्ष दुसऱ्याविरुद्ध काढली की मुद्दा आराखड्याकडून मतांच्या मोजणीकडे सरकतो. बढतीची मुलाखत, पीजी विद्यार्थ्याची थिसिसची तारीख, अभ्यासाला लागलेली वर्षं, यातलं काहीच पत्रात येऊ देऊ नका. दुसरा समीक्षक कोण असेल याचा अंदाज तर अजिबात नको, खासगी बोलण्यातही नको.

तिसरा आक्षेप मसुद्यात मान्य केला आहे, त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुनर्मूल्यमापन झालं तर सांख्यिकी समीक्षक तिथेच बोट ठेवेल. समजा एखाद्या केंद्रात उपक्रम १ एप्रिलला सुरू झाला आणि तिथल्या महिलेचं हिमोग्लोबिन २० एप्रिलला मोजलं. ती १ च्या खान्यात मोजली जाते, पण तिला उपक्रम तीन आठवडेही मिळालेला नाही. लोहाच्या गोळीने हिमोग्लोबिन चढायला आठवडे लागतात. त्यामुळे अशा महिला उपक्रमाचा परिणाम आहे त्याहून कमी दाखवतात. ही त्रुटी बहुधा तुमच्या निष्कर्षाला फुगवत नाही, उलट दाबते, पण ती दाखवल्याशिवाय कुणाला कळणार नाही. प्रत्येक केंद्रात उपक्रम ज्या कालखंडात सुरू झाला, त्या कालखंडातल्या तिथल्या महिला वगळून मॉडेल पुन्हा चालवून ठेवा. आणखी एक मॉडेल तयार ठेवा:

```r
lmer(hb ~ factor(kaal) + upkram + (1 | phc) + (1 | phc:kaal), data = d)
```

साध्या मॉडेलमध्ये असं धरलेलं असतं की एकाच केंद्रातल्या दोन महिलांमधलं साम्य त्या एकाच तिमाहीत मोजलेल्या असोत वा वर्षाच्या अंतराने, सारखंच असतं. प्रत्यक्षात त्याच तिमाहीतल्या महिला एकमेकींसारख्या जास्त असतात. तीच आशाताई, तोच गोळ्यांचा साठा, तोच मोजणारा हात. हे धरलं नाही तर विश्वासमर्यादा गरजेपेक्षा अरुंद येऊ शकतात. केंद्रं फक्त १२ असल्यामुळे लहान नमुन्यासाठीची केनवर्ड-रॉजर दुरुस्तीही लावा. या मॉडेलने मर्यादा रुंद होऊन शून्य ओलांडू लागल्या, तर ते तुम्हाला अपिलाआधी कळलेलं हवं. हे आकडे पत्रात घालू नका. अपील मान्य झालं तर पुढच्या फेरीत लागतील.

आता पाठवण्याबद्दल. जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये अपिलाचा उल्लेख शोधा. कोप या संस्थेच्या सदस्य जर्नलांनी तक्रारी आणि अपिलांची पद्धत जाहीर करावी अशी अपेक्षा असते, त्यामुळे ती कुठेतरी लिहिलेली सापडेल. मुदत दिलेली असेल तर ती पाळा. बहुतेक ठिकाणी एका पेपरला एकदाच अपील करता येतं, म्हणून पत्र अर्धवट पाठवून ‘आणखी एक मुद्दा राहिला’ असं नंतर लिहिता येणार नाही. सबमिशन सिस्टीममध्ये अपिलाचा पर्याय नसेल, तर निर्णयपत्र ज्या पत्त्यावरून आलं तिथे, संपादकीय कार्यालयाला पाठवा. मुख्य संपादकाच्या वैयक्तिक पत्त्यावर किंवा ओळखीच्या संपादक-मंडळ सदस्यामार्फत नको. पाठवण्याआधी सगळ्या सहलेखकांची लेखी संमती घ्या, ईमेल पुरे. आणि पत्राशी काही संबंध नसलेल्या, पण संशोधन जाणणाऱ्या एका सहकाऱ्याला फक्त दुसरा परिच्छेद वाचायला द्या. त्याला तो एकदा वाचून तक्ता स्वतः काढता आला, तर परिच्छेद ठीक आहे.

अपील चालू असताना तोच पेपर दुसऱ्या जर्नलकडे पाठवू नका. नकारानंतर तुम्ही मोकळे होता, पण अपील केलं की पेपर पुन्हा त्यांच्या विचाराधीन येतो आणि एकाच वेळी दोन ठिकाणी ठेवला असं होतं. वाट पाहायची नसेल तर अपील मागे घेतल्याचं लेखी कळवा आणि मगच दुसरीकडे जा. बरेच दिवस काही कळलं नाही तर कार्यालयाला दोन ओळींची विचारणा करायला हरकत नाही.

अपील मान्य झालं तरी पेपर स्वीकारला जाईलच असं नाही. साधारणपणे फाइल पुन्हा उघडते आणि नवा समीक्षक येतो. त्याचे आक्षेप नवे असू शकतात. अमान्य झालं, तर उत्तराला उत्तर लिहू नका. विभागप्रमुखांचा सल्ला तेव्हा लागू पडतो, पण पेपर आहे तसा पुढे ढकलू नका. आधी शीर्षकात ‘स्टेप्ड-वेज क्लस्टर रँडमाइझ्ड अभ्यास’ हे शब्द घाला. सारांशातलं निकालाचं पहिलं वाक्य काळ धरून काढलेल्या फरकाचं करा, आणि आधी-नंतरच्या सरासऱ्या खाली तक्त्यात न्या. खान्यांची आकृती ‘पद्धती’ विभागात पहिली आकृती म्हणून ठेवा. पुढच्या जर्नलच्या कव्हर लेटरमध्ये दुसऱ्या परिच्छेदातली ३-९, ६-६, ९-३ ही ओळ तशीच वापरता येईल.